रिसेटच्या दिवशी फ्लोटिंग रेट रोख्याची किंमत कशी काढायची: कोटेड मार्जिन, डिस्काउंट मार्जिन आणि कागदावरचं पूर्ण गणित

डिसेंबर-जानेवारीत कापसाचे पैसे हातात आले की यवतमाळ-वाशिमकडच्या तालुक्याच्या गावांतल्या लहान सहकारी बँकांमध्ये ठेवी फुगतात. तेवढं कर्ज लगेच वाटलं जात नाही, मग शिल्लक रक्कम रोख्यांत जाते. त्यात कधी एखादा फ्लोटिंग रेट रोखा असतो, आणि मार्चअखेर ऑडिटर विचारतो, "याची किंमत ९९ रुपये २६ पैसे कुठून आणली?" दलालाने सांगितली, हे उत्तर ऑडिटर लिहून घेत नाही. आकडा आपल्याला स्वतः काढता आला पाहिजे. रिसेटच्या दिवशी, म्हणजे रोख्याचा व्याजदर नव्याने ठरतो त्या दिवशी, तो काढणं सगळ्यात सोपं असतं, म्हणून हा लेख त्या एकाच दिवसापुरता आहे.

मी जिथे हे शिकवतो तिथे पहिला प्रश्न जवळजवळ ठरलेला असतो. परवा एका शाखाधिकाऱ्याने तो आपल्या वऱ्हाडी थाटात विचारला: "सर, बाजारात व्याज वाढलं का याचं कूपनबी वाढते. मंग याची किंमत शंभराच्या खाली काहून जाते?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याच्या उत्तरातच अख्खी रीत आहे.

दोन मार्जिनं

फ्लोटिंग रेट रोख्याचं कूपन, म्हणजे त्यावर मिळणारं व्याज, दोन तुकड्यांचं असतं. एक तुकडा बाजाराबरोबर हलतो, त्याला मूळ दर म्हणू. दुसरा तुकडा रोखा काढला त्या दिवशी ठरतो आणि शेवटपर्यंत तसाच राहतो. तो म्हणजे कोटेड मार्जिन. बरेच जण त्याला नुसतं स्प्रेड म्हणतात. भारत सरकारचा फ्लोटिंग रेट बाँड २०३४ घ्या. त्याचं कूपन दर सहा महिन्यांनी, ३० एप्रिल आणि ३० ऑक्टोबरला, नव्याने ठरतं. १८२ दिवसांच्या ट्रेझरी बिलांच्या मागच्या तीन लिलावांतल्या भारित सरासरी उत्पन्नदराची सरासरी काढतात आणि तिच्यात ०.९८ टक्के मिळवतात. सरासरी दर वेळी वेगळी येते, ०.९८ मात्र बदलत नाही. नवा दर रिझर्व्ह बँक प्रसिद्धिपत्रकात जाहीर करते, म्हणून हा आकडा शोधायला फार धावपळ लागत नाही.

डिस्काउंट मार्जिन कराराच्या कागदावर नसतं. असा रोखा आज विकत घेणारा मूळ दराच्या वर किती मागतो, ते डिस्काउंट मार्जिन. रोखा काढणाऱ्याची पत घसरली, तसे रोखे बाजारात फार झाले, किंवा विकायला गेल्यावर गिऱ्हाईकच मिळेना, की हे मार्जिन वाढतं.

हे आपल्याकडच्या व्यवहारात मांडून बघा. जिनिंगवाल्याशी तुम्ही वर्षभराचा करार केला, की माल नेऊ त्या दिवशीचा बाजारभाव अधिक ५० रुपये क्विंटलला. नंतर दुसरे जिनिंगवाले बाजारभाव अधिक ९० देऊ लागले. आता कापूस सहा हजार असो की आठ हजार, तुमचा करार क्विंटलमागे ४० रुपयांनी कमीच आहे. बाजारभाव दोन्हीकडे सारखाच आहे, म्हणून तो हिशोबातून निघून जातो. शाखाधिकाऱ्याच्या प्रश्नाचं उत्तर हेच: मूळ दर वाढला म्हणून रोख्याची किंमत पडत नाही. बाजार मागतो ते मार्जिन आणि करारातलं मार्जिन यांत फरक पडला, की ती पडते.

रिसेटचाच दिवस का

मधल्या कुठल्याही दिवशी किंमत काढायची तर चालू कूपन किती साचलं ते मोजावं लागतं, आणि पुढचं कूपन किती दिवसांनी आहे त्याचा अपूर्णांक घ्यावा लागतो. रिसेटच्या दिवशी मागचं कूपन देऊन झालेलं असतं, साचलेलं व्याज शून्य असतं, पुढचा पूर्ण काळ समोर असतो आणि त्याचा दर नुकताच ठरलेला असतो. निघेल ती किंमत तीच, वर काही मिळवायचं नाही. मागचं कूपन विकणाऱ्याचं, पुढचं घेणाऱ्याचं. जुना कूपन-दर आता कुठेही वापरायचा नाही. वहीत तो ठळक लिहिलेला असतो म्हणून चुकून घातला जातो.

उदाहरण

कागद घ्या. आकडे मी हाताने करता येतील असे घेतले आहेत, कुठल्या खऱ्या रोख्याचे नाहीत.

दर्शनी किंमत १०० रुपये. कूपन सहामाही. मुदत उरली २ वर्षं, म्हणजे ४ सहामाही. मूळ दर आज ६.०० टक्के. कोटेड मार्जिन ०.५० टक्के, म्हणजे ५० बेसिस पॉइंट. डिस्काउंट मार्जिन ०.९० टक्के, म्हणजे ९० बेसिस पॉइंट. दिवस मोजायची पद्धत सरकारी रोख्यांसारखी ३०/३६०, म्हणून प्रत्येक सहामाही बरोबर अर्धं वर्ष धरायची.

आधी कूपन. ६.०० अधिक ०.५० म्हणजे ६.५० टक्के वर्षाला, त्याचं अर्धं ३.२५ रुपये. पुढच्या सहा महिन्यांनी ३.२५ येणार हे पक्कं आहे. त्यापुढची तीन कूपनं किती येतील हे आज कुणालाच माहीत नाही. इथे या रीतीचं एक गृहीतक येतं: मूळ दर शेवटपर्यंत आजच्याइतकाच, ६.०० राहील असं धरायचं. हे भाकीत नाही. सगळ्यांनी एकाच पट्टीने मोजावं म्हणून केलेली सोय आहे.

मग वजावटीचा दर. मूळ दर ६.०० अधिक डिस्काउंट मार्जिन ०.९०, म्हणजे ६.९०, सहामाहीला ३.४५ टक्के. डिस्काउंट मार्जिन मूळ दरात मिळवायचं. ते कूपनच्या ६.५० मध्ये मिळवायचं नाही.

आता प्रत्येक सहामाहीचा डिस्काउंट फॅक्टर, म्हणजे तेव्हा येणाऱ्या एका रुपयाची आजची किंमत. पहिल्याला १ भागिले १.०३४५. पुढचा प्रत्येक फॅक्टर काढायला मागच्याला पुन्हा १.०३४५ ने भागायचं. साध्या कॅल्क्युलेटरवर होतं.

| सहामाही | येणारी रक्कम | डिस्काउंट फॅक्टर | आजची किंमत |
|---|---|---|---|
| १ | ३.२५ | ०.९६६६५ | ३.१४१६ |
| २ | ३.२५ | ०.९३४४१ | ३.०३६८ |
| ३ | ३.२५ | ०.९०३२५ | २.९३५६ |
| ४ | १०३.२५ | ०.८७३१३ | ९०.१५०५ |

बेरीज ९९.२६४५ रुपये. बँकेकडे ५० लाख दर्शनी किमतीचे रोखे असतील तर त्यांची किंमत ४९,६३,२२५ रुपये, म्हणजे ३६,७७५ रुपये कमी. ऑडिटरला दाखवायचा कागद हाच.

तेच उत्तर दोन ओळींत

तक्ता एकदा हाताने करावा, म्हणजे पैसा कुठून येतो ते डोळ्यांना दिसतं. रोजच्या कामाला याहून सोपी वाट आहे, आणि मला तीच जास्त पटते, कारण तीत किंमत का पडली हे उघड दिसतं.

या रोख्याचं मार्जिन बाजार मागतो त्यापेक्षा ०.४० टक्क्यांनी कमी आहे. म्हणजे दर सहामाहीला १०० रुपयांमागे २० पैसे कमी. असे २० पैसे चार वेळा कमी मिळणार. त्या चार वेळच्या कमतरतेची आजची किंमत काढायची तर वरचे चारही डिस्काउंट फॅक्टर मिळवायचे, बेरीज येते ३.६७७४. तिला ०.२० ने गुणलं की ०.७३५५. १०० मधून वजा केले की ९९.२६४५. तक्त्याचंच उत्तर.

म्हणजे १०० रुपये हा पाया, आणि त्यातून मार्जिनमधल्या फरकाची आजची किंमत वजा. डिस्काउंट मार्जिन कोटेड मार्जिनपेक्षा कमी असेल तर ती मिळवायची. याच रोख्याला बाजार ०.३० वर घ्यायला तयार असता तर किंमत १००.३७ आली असती.

एक्सेलमध्ये B1 मध्ये मूळ दर, B2 मध्ये कोटेड मार्जिन, B3 मध्ये डिस्काउंट मार्जिन (तिन्ही टक्क्यांत, जसं 6, 0.5, 0.9, सेलला टक्क्याचं चिन्ह लावायचं नाही) आणि B4 मध्ये उरलेल्या सहामाहींची संख्या लिहा. मग:

```
=100+(B2-B3)/2*(1-(1+(B1+B3)/200)^-B4)/((B1+B3)/200)
```

वरचे आकडे घातल्यावर 99.2645 आलं पाहिजे. ते आल्याशिवाय दुसरा रोखा घालू नका.

किंमत कशाने हलते

याच शीटमध्ये मूळ दर ६ चा ७ करून बघा. पूर्ण १ टक्का वाढला तरी किंमत ९९.२६४५ वरून ९९.२७३२ होते, म्हणजे एक पैसाही नाही. तीही वरच गेली! कारण २० पैशांची कमतरता तेवढीच राहते, फक्त ती जास्त दराने वजावली जाते म्हणून आजच्या हिशोबात किंचित हलकी होते.

आता मूळ दर परत ६ करा आणि डिस्काउंट मार्जिन ०.९० चं १.०० करा. किंमत ९९.०८१७ होते, म्हणजे १८ पैसे खाली. मूळ दराच्या १०० बेसिस पॉइंटांनी एक पैसा हलला नाही, आणि मार्जिनच्या १० बेसिस पॉइंटांनी १८ पैसे गेले. "फ्लोटिंग आहे म्हणजे धोका नाही" असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून देतो.

मुदत लांबली की हा फटका मोठा होतो. तीच दोन मार्जिनं, पण मुदत १० वर्षं, म्हणजे २० सहामाही. आता डिस्काउंट फॅक्टरांची बेरीज ३.६८ नाही तर १४.२८ येते, आणि किंमत ९७.१४. फरक तेवढाच, ०.४० टक्के, पण तो वीस वेळा सोसायचा आहे. म्हणून लांब मुदतीचा फ्लोटिंग रोखा घेताना कूपन किती यापेक्षा मार्जिन किती, हे आधी विचारावं.

चूक कशी पकडायची

दोन चुका मी पुन्हा पुन्हा बघतो, आणि दोन्ही वेगळ्या तपासणीत सापडतात.

पहिली, वर सांगितलेली: डिस्काउंट मार्जिन मूळ दराऐवजी कूपनमध्ये मिळवणं. मग वजावटीचा दर ६.५० अधिक ०.९० म्हणजे ७.४० होतो, आणि किंमत ९८.३५ येते. ही पकडायला डिस्काउंट मार्जिनच्या जागी कोटेड मार्जिनचाच आकडा घाला. दोन्ही सारखी असली की रिसेटच्या दिवशी किंमत बरोबर १०० यायलाच पाहिजे, मूळ दर काहीही असो. शंभर आले नाहीत तर मार्जिन चुकीच्या जागी पडलं आहे.

दुसरी चूक या तपासणीतून निसटते. सहामाही रोख्याला वर्षाचाच दर घातला, दोनने भागायचं राहिलं. कूपन ६.५० आणि वजावट ६.९० अशी चार वेळा केली तर किंमत ९८.६४ येते, पण मार्जिनं सारखी केल्यावर इथेही बरोबर १०० च दिसतात आणि आपण निर्धास्त होतो. इथे दुसरी कसोटी लागते. मार्जिनमधला वर्षाचा फरक गुणिले उरलेली वर्षं, म्हणजे ०.४० गुणिले २, बरोबर ८० पैसे. शंभरातली घट यापेक्षा जास्त असूच शकत नाही, कारण वजावट केल्यावर रक्कम कमीच होते. १ रुपया ३६ पैशांची घट आली म्हणजे काहीतरी दुप्पट मोजलं गेलं आहे.

बेसिस पॉइंटांच्या रूपांतरातली चूकही या दुसऱ्या कसोटीत सापडते, पण मार्जिनमधला फरक दलालाच्या कागदावरून बेसिस पॉइंटांत हाताने काढला असेल तरच. ९० म्हणजे ०.९०, कुणी ९.० लिहिलं तर किंमत इतकी पडेल की कसोटीची गरजही पडणार नाही.

सरासरीचा गुंता

आतापर्यंत मी मूळ दर एकच धरला. सरकारी फ्लोटिंग रोख्यांत एक बारीक गोष्ट आडवी येते, आणि तिच्याकडे फार थोडे लक्ष देतात. कूपन ठरतं ते मागच्या तीन लिलावांच्या सरासरीवर. ट्रेझरी बिलांचे लिलाव साधारण दर बुधवारी होतात, म्हणजे त्या सरासरीत काही आठवड्यांपूर्वीचा दरही असतो. मधल्या काळात दर घसरले असतील तर कूपन आजच्या बाजारापेक्षा थोडं जास्त ठरतं.

समजा आपल्या उदाहरणात तीन लिलावांची सरासरी ६.१० आली, पण आज १८२ दिवसांच्या बिलाचा बाजारातला दर ६.०० आहे. मग पहिलं कूपन ३.२५ नाही, ३.३०. ते जाहीर झालेलं आहे, मिळणारच. पुढची तीन मात्र आजच्या ६.०० वर धरायची आणि वजावटही ६.०० वरच करायची. पहिल्या सहामाहीत ५ पैसे जास्त, त्यांना पहिला फॅक्टर ०.९६६६५ लावला की ४.८ पैसे. किंमत ९९.२६४५ वरून ९९.३१२८.

पुष्कळ जण ६.१० हाच मूळ दर समजून सगळीकडे घालतात. मग कूपनही वाढतं, वजावटही वाढते, आणि उत्तर ९९.२६५४ येतं. मघाच्या उत्तराच्या जवळचं म्हणून ते बरोबर वाटतं, पण जास्तीचे ५ पैसे कुठेतरी गडप झालेले असतात. ५० लाखांवर ते २,३७० रुपये होतात. रक्कम फार मोठी नाही, पण बँकेचा आणि दलालाचा आकडा जुळत नाही तेव्हा मी आधी इथेच बघतो: त्याने मूळ दर म्हणून सरासरी घेतली की आजचा दर?

हाच प्रश्न डिस्काउंट मार्जिन विचारतानाही विचारावा. "९० वर आहे" म्हणजे कशावर ९०, आणि त्याचा मूळ दर आजचा किती, हे दोन्ही लिहून घ्या.

किमतीवरून मार्जिन

पुष्कळदा उलटं असतं: दलाल किंमत सांगतो, आणि त्यात बाजार किती मार्जिन मागतोय ते आपल्याला काढायचं असतं. समजा याच रोख्याला ९८.९० ची बोली आली. शंभरातली घट १.१०. तिला आधीच्या बेरजेने, ३.६७७४ ने भागा, ०.२९९१ येतात. ही सहामाहीची कमतरता, वर्षाची ०.५९८. कोटेड मार्जिनच्या ०.५० मध्ये मिळवली की डिस्काउंट मार्जिन १.०९८.

पण ती बेरीज ०.९० मार्जिनवर काढलेली होती. आता १.०९८ घालून नवी बेरीज काढा: ३.६६८८. पुन्हा १.१० ला तिने भागा आणि दुप्पट करा, ०.५९९७. डिस्काउंट मार्जिन १.०९९७, म्हणजे ११० बेसिस पॉइंट. तिसऱ्यांदा केलं तरी आकडा हलत नाही. एक्सेलमध्ये गोल सीकने एका क्लिकवर होतं, पण दोन फेऱ्या हाताने केल्या तर गोल सीक चुकीच्या सेलवर चालवलं हे लगेच कळतं.

कुठे ही रीत लावायची नाही

ज्या फ्लोटिंग रोख्याला कूपनची कमाल किंवा किमान मर्यादा आहे, किंवा जो रोखा काढणाऱ्याला मध्येच परत घेता येतो, त्याला हे गणित पुरत नाही. मूळ दर सपाट राहील असं धरल्यावर त्या मर्यादांची किंमत शून्यच दिसते, आणि ती शून्य नसते.

गावाकडे फ्लोटिंग म्हटल्यावर बहुतेकांना आठवतो तो फ्लोटिंग रेट सेव्हिंग्ज बाँड २०२०. ७ वर्षांचा, राष्ट्रीय बचत प्रमाणपत्राच्या दरावर ०.३५ टक्के जास्त, १ जानेवारी आणि १ जुलैला रिसेट. एका निवृत्त गुरुजींनी मला त्याची "आजची किंमत" काढून मागितली. तो बाजारात विकता येत नाही, त्यामुळे त्यावर कुणी डिस्काउंट मार्जिन मागत नाही, आणि मागणारा नाही तिथे काढायला किंमतही नाही. गुरुजींना मी एवढंच सांगितलं की दर सहा महिन्यांनी नवा दर बघा आणि व्याज खात्यात जमा झालं की नाही ते पासबुकात तपासा.